वर्क परफॉर्मन्स डेटा, इन्फर्मेशन आणि रिपोर्ट यांत फरक काय?

प्रश्न: तिन्ही एकच वाटतात. उदाहरण देऊन सांगाल का? आणि पीएमआयएस, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम, नेमकं काय करतं?

उत्तर: समजा, जतला १२०० मीटर पाइपलाइन २० दिवसांत टाकायची आहे. दहाव्या दिवशी सुपरवायझरच्या वहीत ‘एकूण ४५० मीटर’ अशी नोंद आहे. हा नुसता डेटा. तोवर बेत ६०० मीटरचा होता. त्याच्याशी ताडल्यावर कळतं की काम बेताच्या ०.७५ पट वेगाने चाललंय आणि असंच चाललं तर सात दिवस उशीर होईल. ही इन्फर्मेशन. खाली कातळ लागलाय, आणखी एक ब्रेकर मंजूर करा, असं साहेबांपुढे निर्णयासाठी मांडलं की रिपोर्ट.

पीएमआयएस नोंदी गोळा करतं, बेताशी ताडतं, रिपोर्ट पोचवतं. पण नुसता खोदलेला चर कुणी ‘पाइप टाकला’ म्हणून भरला, तर ते त्याला कळत नाही. म्हणून मी जोडलेले पाइप स्वतः मोजतो.