मंदिर ऱ्हस्व का आणि फूल दीर्घ का

प्रश्न: "मंदिर की मंदीर, फुल की फूल, यात माझा नेहमी गोंधळ होतो. ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे तरी कसे?"

शब्द एकटा तपासू नका, त्याला प्रत्यय लावून मोठ्याने म्हणा. अकारान्त मराठी शब्दातला शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही, त्यामुळे त्याआधीचा इ किंवा उ लांबतो, आणि आपण 'फूल', 'गरीब', 'बहीण' असे लिहितो. प्रत्यय लागला की तोच आखडतो: फुलाला, गरिबाला, बहिणीला. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम, शब्द मात्र लेखनात बदलत नाही, शरीर–शरीरात, मंदिर–मंदिरात.

प्रत्ययानंतरही दीर्घ ऐकू आला, तर मूळ शब्द दीर्घच लिहावा. ऱ्हस्व ऐकू आला, तर शब्द तत्सम आहे की नाही एवढेच कोशात पाहायचे उरते. 'मंदिर', 'गुण', 'विष' यांचा उच्चार आपण सगळेच दीर्घ करतो, म्हणून एकट्या शब्दाच्या बाबतीत कान हमखास फसवतो.

हेच मी फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या महाजनांना समजावून सांगत होतो. जीर्णोद्धाराच्या संगमरवरी फलकाचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला होता: 'मंदीर जिर्णोद्धार समीती, मुर्तीप्रतिष्ठा'. मी 'मंदिर जीर्णोद्धार समिती, मूर्तिप्रतिष्ठा' असे करून दिले. एका ज्येष्ठ महाजनांनी "आपण बोलतो तसेच लिहायचे" म्हणून आधीचाच मजकूर कोरून घेतला. बोलण्याप्रमाणेच लिहायचे असते, तर त्यांनी 'गूण' आणि 'वीष'ही लिहायला हवे होते, आणि तसे ते लिहीत नाहीत. शिवाय 'जीर्ण' आणि 'मूर्ती' यांत इ-उ जोडाक्षरापूर्वी येतात. तेथे ऱ्हस्व-दीर्घ कानाला नीट कळतच नाही आणि कोशाला पर्याय नसतो. 'मूर्ती' एकटी असताना शेवटी दीर्घ, पण 'मूर्तिप्रतिष्ठा' या समासात मूळ संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व, हे तर कानाने कधीच सापडणार नाही. दगडावर कोरलेली चूक पुढच्या पिढीतील मुले बरोबर समजून गिरवतात, म्हणून ती मला अजूनही खटकते.

कोश म्हणून अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' जवळ ठेवावा. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश अर्थासाठी उत्तम आहे, पण त्यातील लेखन 1962 च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांच्या पुष्कळ आधीचे असल्याने ऱ्हस्व-दीर्घासाठी तो चालणार नाही. शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ लिहायचा: कवी, गुरू, समिती. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' अशी थोडी अव्यये याला अपवाद आहेत. आपल्या गोव्यातील मुले कोकणीत 'आनी' लिहितात आणि तीच सवय मराठीत नेऊन 'आणी' करतात, तेव्हा हा अपवाद त्यांच्याकडून आधी पक्का करून घ्यावा. व्यक्तींची आडनावे मात्र ज्याची त्याने ठरवल्याप्रमाणेच लिहावीत; त्यांना हे नियम लावू नयेत.