सेमिनारमध्ये प्रश्न कच्चाच सांग

अगं, शुक्रवारच्या सेमिनारसाठी तू लिहिलेली ओळख वाचली. गाव, एम.एस्सी., गाईड हे दोन वाक्यांत आटप. खरा वेळ प्रश्नाला दे.

"वाळव्यातल्या क्षारपड जमिनी आणि ऊस" हा तुझा विषय झाला, प्रश्न नव्हे. मोजता येईल असं काहीतरी धर. उदाहरणार्थ, जमिनीखाली सच्छिद्र निचरा पाइप टाकलेल्या एका शेतात पाइपच्या अगदी वर आणि दोन पाइपांच्या बरोबर मध्ये, पावसाळ्याआधी आणि नंतर, क्षार किती फरकाने उतरतात? मग सांग, मध्यावरचे क्षार हललेच नाहीत तर पाइपांमधलं अंतर जास्त असेल, किंवा काळ्या मातीतून पाणीच झिरपत नसेल. यातलं नेमकं कोणतं, ते कसं ओळखायचं हे अजून ठरलेलं नाही, असं सरळ म्हण. तिथेच सगळे बोलायला लागतात.

एक जागा मात्र सांभाळ. क्षारपड म्हणजे ईसी, अर्थात विद्युतवाहकता, ४ च्या वर, असं तू लिहिलंयस. ती मर्यादा संपृक्त लगद्याच्या, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या अर्काची, एकक डेसिसायमन प्रति मीटर. आपल्याकडे बहुतेक वेळा एकास दोन प्रमाणात माती-पाणी ढवळून मोजतात. त्यात पाणी जास्त, म्हणून आकडा कमी येतो आणि खारट मातीही चांगली दिसते. माझ्या पहिल्या वर्षी मी या दोन पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी मांडले होते, पुढची वीस मिनिटं त्यातच गेली. तू पद्धत आधी सांग, आकडा नंतर.