स्टीम गार्ड चालू आहे, पासवर्डही बदलला, तरी मी पाठवलेले ट्रेड आपोआप कॅन्सल होतात. अकाउंट हॅक झालंय का? काय करू?

झालंय. आणि नुसता पासवर्ड पुन्हा बदलत बसू नका, त्याने हे थांबणार नाही. आधी ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून हे पान उघडा:

```
steamcommunity.com/dev/apikey
```

तिथे आधीच एखादी एपीआय की, म्हणजे तुमचे ट्रेड प्रोग्रामने हाताळू देणारी किल्ली, दिसत असेल आणि ती तुम्ही काढलेली नसेल, तर चोर तिथे बसलाय. Revoke दाबा. डोमेनचं नाव विचारणारा रिकामा रकाना दिसला, तर की नाही असं समजा.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय कारण माझा चाकू असाच गेला. काउंटर-स्ट्राइकमधला. दोन वर्षं थोडे थोडे पैसे साठवून घेतलेला. घरात अजून त्यावरून मला ऐकवतात.

झालं असं, की मावसभावाचा मेसेज आला, ‘आमच्या टीमला व्होट कर ना, दोन मिनिटांचं काम आहे.’ लिंक उघडली, स्टीमने साइन इन करा म्हणाली, छोटी खिडकी उघडली. वर पत्ता बरोबर, कुलूपही बरोबर. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, फोनवरचा पाच अक्षरांचा कोड टाकला. मग काहीतरी एरर आली, मी ‘जाऊ दे’ म्हणून बंद केलं. मेसेज मावसभावाने पाठवलाच नव्हता, त्याचं अकाउंट आदल्या दिवशीच गेलं होतं. तो शपथेवर सांगतो. मी मानतो, पण पूर्ण नाही.

ती खिडकी खिडकी नव्हतीच. पानावर काढलेलं चित्र होतं, पत्त्याच्या पट्टीसकट. अशी खिडकी माउसने ओढून ब्राउझरच्या कडेबाहेर नेऊन बघा. खरी बाहेर जाते, खोटी कडेला कापली जाते. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर हे उत्तर लिहायला बसलो नसतो.

कोड तीस सेकंदांत बदलतो म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तुम्ही टाइप केलेला कोड पलीकडचं यंत्र त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतं. म्हणजे दार तुम्हीच उघडून दिलंत. क्यूआर स्कॅन करून लॉगिन करायची सोय आहे, तिचंही तेच. खोट्या पानावर दाखवलेला क्यूआर चोराच्या लॉगिनचा असतो आणि तुम्ही फोनवर होकार देता.

आत शिरल्यावर त्याने लगेच काही केलं नाही. ही की काढून ठेवली आणि लॉगिन चालू ठेवलं. तिच्यामुळे तुमचे ट्रेड त्याला दिसतात आणि कॅन्सलही करता येतात. मी अकरा दिवसांनी मित्राला चाकू पाठवला. तो ट्रेड मागच्या मागे रद्द झाला आणि त्याच चाकूचा दुसरा ट्रेड उभा राहिला. नाव मित्राचं, फोटो मित्राचा, पण अकाउंट परकं. फोनवर कन्फर्मेशन आलं, मी नाव बघितलं आणि हिरवं बटण दाबलं. समोरच्याची लेव्हल आणि तो स्टीमवर कधीपासून आहे, हेही दिसतं. मित्र जुना, लेव्हल चाळीसच्या वर. तिथे लेव्हल होती शून्य. मी वाचलंच नाही. आता कुठलाही ट्रेड कन्फर्म करताना मी नाव वाचत नाही, लेव्हल आणि तारीख वाचतो. तुम्हीही तेच करा.

इथपर्यंत चूक माझी. पुढची दादाची. तो आयटीत आहे, त्यामुळे त्याला सगळं कळतं. म्हणाला, ‘फोनमध्ये व्हायरस असणार, फॉरमॅट मार.’ मी म्हटलं आधी बघू तरी. ‘तुला जास्त कळतं का?’ मारला फॉरमॅट. आणि स्टीमचे कोड देणारा ऑथेंटिकेटर त्या फोनमध्येच होता! चोर एका खिशात हात घालून गेला होता, आम्ही घराचीच किल्ली विहिरीत टाकली. R ने सुरू होणारा रिकव्हरी कोड सेटअपच्या वेळी दाखवतात, तो मी लिहून घेतला नव्हता. अकाउंटला जोडलेला नंबर जुन्या सिमचा, रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडलेला. एसएमएस येणार कुठे?

मग सपोर्टला लिहिलं. अकाउंट तुमचंच आहे याचा पुरावा मागतात, आणि तिथे गोड बोलून काम होत नाही. पूर्वी गेमसाठी वापरलेल्या कार्डाचे पैसे भरल्याचे तपशील चालतात, किंवा दुकानातून गेमचा डबा घेतला असेल तर त्यातली छापील प्रॉडक्ट की. माझ्याकडे ऑरेंज बॉक्स या गेमसंचाचा डबा होता. त्या वर्षीच्या दिवाळीच्या साफसफाईत दादाने तो रद्दीत टाकलेला, मी परत काढून कपाटावर ठेवलेला. सपोर्टच्या तिकिटाचा नंबर त्या छापील कीच्या शेजारी पेनने लिहायचा आणि फोटो पाठवायचा. लिहिताना हात थरथरत होता, कारण कागद जुना आणि पेन जेलचं. दोन दिवसांत अकाउंट परत मिळालं. चाकू नाही. गेलेल्या वस्तू सपोर्ट परत देत नाही, मग कितीही रडा.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा. आधी ईमेल. ते हातात नसेल तर बाकी सगळं वाया. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा, तिथेही टू-फॅक्टर लावा, आणि फिल्टर व फॉरवर्डिंग उघडून बघा. स्टीमची पत्रं गुपचूप कचऱ्यात टाकणारा नियम चोर तिथे करून ठेवू शकतो. मग एपीआय की अजून रद्द केली नसेल तर ती करा, पासवर्ड बदला आणि अकाउंटच्या सेटिंगमधून सगळीकडून साइन आउट करा. पासवर्ड बदलून की तशीच ठेवली तर तुमचं सध्या चाललंय तेच चालत राहतं. की अकाउंटला चिकटलेली असते, पासवर्डला नाही. लॉगिनच होत नसेल, तर help.steampowered.com वर अकाउंट चोरीला गेल्याचा पर्याय आहे, तिथून सुरू करा.

आणि ऑथेंटिकेटर काढू नका! पुष्कळ जण घाबरून आधी तोच काढतात. ट्रेडवर पंधरा दिवसांची अडवणूक लागते, शिवाय अकाउंट आणखी उघडं पडतं. नवा फोन घ्यायचा असेल तर जुना चालू असतानाच ऑथेंटिकेटर हलवा. रिकव्हरी कोड कागदावर लिहा. स्क्रीनशॉट नको, तो त्याच फोनमध्ये राहतो.

एक राहिलं. माझं प्रकरण जुनं आहे. आता की नव्याने काढताना मोबाइलवर होकार मागतात, त्यामुळे ही वाट पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. आणि जुलै 2025 पासून काउंटर-स्ट्राइक 2 च्या वस्तूंचे ट्रेड सात दिवसांच्या आत उलटवता येतात. तेव्हा तुमची वस्तू गेली असेल तर आज ट्रेड हिस्ट्री उघडा, उद्या नको. उलटवलेत तर सात दिवसांतले सगळेच ट्रेड उलटतात, हवे ते निवडता येत नाहीत, आणि तीस दिवस ट्रेड बंद राहतो. बाकी गेमच्या वस्तूंना हे लागू नाही.

फोन फॉरमॅट करायचा का, असं कुणी विचारलंत तर माझं उत्तर नाही. व्हायरसचा संशय असेल तर कॉम्प्युटर तपासा, फोन नंतर. दादा अजून म्हणतो त्याचा सल्ला बरोबरच होता, मीच कोड लिहून ठेवायला हवा होता. डबा आता त्याच्याच कपाटात ठेवलाय.