ईसीजी नॉर्मल, मग छाती का धडधडते?

"मॅडम, बसल्या जागी छाती धडधडायला लागते. ठोके घशापर्यंत जाणवतात. ईसीजी झाला, टू-डी इको झाली, डॉक्टर म्हणतात काही नाही. हृदयात काही नाही तर ते असं का पळतं? एक दिवस बंद पडणार नाही ना?"

धडधाकट हृदयही असं पळू शकतं. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून माझ्याकडे आलेल्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या ताई एका पतपेढीत कॅशियर. एका संध्याकाळी कॅश जुळेना. चूक नोंदीतली होती, थोड्या वेळात सापडलीही. पण दुसऱ्या दिवशीपासून कॅश मोजायला बसलं की छातीत धडधड सुरू. हातपाय गार, पोटात कालवाकालव. एकदा तर थेट दवाखान्यात अ‍ॅडमिट व्हायच्या तयारीनेच गेल्या. त्यांचं हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासून झालं होतं, हे बरं. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड वाढलेलं असलं तरी छाती धडधडते, आणि त्यावर समुपदेशनाचा उपयोग नाही.

वॉल्टर कॅनन हा अमेरिकन शास्त्रज्ञ मांजरांचं पचन क्ष-किरणांखाली बघत असे. मांजर बिथरलं की त्याच्या पोटाची हालचाल थांबते, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १९१५ साली त्याने 'लढा किंवा पळा' ही शरीराची तयारी मांडली. धोका दिसला की शरीर पचनासारखी कामं बाजूला ठेवतं आणि रक्त मांड्या-दंडांच्या स्नायूंकडे वळवतं. ताईंच्या पोटातली कालवाकालव आणि गार हात यातूनच आले.

आता ठोक्यांचं. हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. एरवी व्हेगस नावाची नस ब्रेक दाबून धरते, म्हणून आपण सत्तरच्या आसपास असतो. धोक्याची चाहूल लागताच आधी हा ब्रेक सुटतो, त्यामुळे ठोके क्षणात वाढतात. मागोमाग अ‍ॅड्रिनालिन येतं. त्याने वेग वाढतोच, शिवाय प्रत्येक ठोका जोरकस होतो. छातीवर आतून कुणी धक्के देतंय असं वाटतं ते या जोरामुळे. कुत्रा मागे लागला असता तर हे सगळं पळण्यात खर्च झालं असतं, लक्षातही आलं नसतं. खुर्चीत बसून नोटा मोजणाऱ्या बाईला मात्र प्रत्येक ठोका ऐकू येतो.

रक्तातलं अ‍ॅड्रिनालिन काही मिनिटांत ओसरतं. मग ताईंची धडधड अर्धा-अर्धा तास का टिकायची? कारण त्या मानेवर बोट ठेवून नाडी मोजत बसायच्या. "एकशे बारा! वाढलेच!" हा आकडा हाच नवा धोका, म्हणून अ‍ॅड्रिनालिनचा नवा हप्ता. पुन्हा नाडी, पुन्हा हप्ता. भर म्हणून कुणीतरी सांगितल्यावरून मोठमोठे श्वास भराभर घ्यायच्या. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. झालं, आता अ‍ॅटॅकच, अशी त्यांची खात्री पटायची.

डॉक्टरांची हरकत नाही हे पाहून मी त्यांना आमच्या इमारतीचे जिने भरभर चढून यायला सांगितलं. नाडी भरली १२६.

"आता भीती वाटतेय?"

"नाही हो, जिना चढले ना मी."

कॅशसमोरच्या आकड्यापेक्षा हा मोठा होता, तरी भीती नाही. तशाच बसून राहिल्या, पाणी नाही की फोन नाही, आणि ठोके आपोआप उतरले. हे त्या घरीही करू लागल्या. मग पतपेढीत धडधड सुरू झाली तरी नाडी न बघता नोटा मोजत राहायचं ठरलं. हे सगळ्यात अवघड गेलं, बोट आपसूक मानेकडे जायचं. श्वासाचं एवढंच: साधा आत, सावकाश बाहेर. श्वास सोडताना व्हेगसचा ब्रेक थोडा जास्त लागतो. पण धडधड 'थांबवायला' म्हणून हे केलं की पुन्हा पाळत सुरू होते, हेही त्यांना सांगितलं.

मार्चएंडला त्यांची छाती अजूनही धडधडते. त्या कॅश जुळवून घरी जातात.

एक मात्र बघा. ठोके बटण दाबल्यासारखे एकदम दीडशेच्या वर जाऊन तसेच एकदम खाली येत असतील, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, चालताना-चढताना छातीत दुखत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आधीचा ईसीजी नॉर्मल असला तरी पुन्हा हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. ठोके बिघडलेले असतानाच काढलेला ईसीजी तेव्हा खरा कामाचा. आणि छातीत दाब, घाम, दम असं एकत्र आणि पहिल्यांदाच होत असेल, तर ही भीती की आणखी काही याचा विचार करत घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.