बोअर का आटतो, हे व्हाइटबोर्डवर कोणत्या क्रमाने काढावं?

प्रश्न: हात पांढऱ्या फळ्यावर चित्र काढत जातो आणि मागून आवाज समजावतो, तसला व्हिडिओ मला करायचाय. विषय : आपल्या भागात बोअर का आटतात. बघणारे गावाकडचे, भूगोल विसरलेले. चित्रं बऱ्यापैकी काढतो, पण सुरुवात कुठून करू आणि सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

उत्तर:

सॉफ्टवेअरचं नंतर बघू, ते फार अवघड नाही. डोकं लावावं लागतं ते कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर, हे ठरवायला. अशा व्हिडिओत जे आधी उमटतं ते बघणाऱ्याला कारण वाटतं आणि जे नंतर येतं ते परिणाम. पूर्ण झालेलं चित्र तेच राहिलं तरी क्रम बदलला की अर्थ बदलतो.

तुमच्याच विषयात बघा. बहुतेक जण आधी जमीन काढतात, मग बोअरचा पाइप सरळ खाली नेतात आणि त्याच्या टोकाला निळं पाणी रंगवतात. बघणाऱ्याच्या डोक्यात काय बसतं? पाणी खालीच असतं, आपण पोचायला कमी पडलो. म्हणजे 300 फुटांवर धूळ उडाली तर गाडीवाल्याला अजून 200 फूट खाली जायला सांगायचं. जो समज मोडायला व्हिडिओ करतोय, तोच पक्का होतो. म्हणून इथे पाऊस आधी, बोअर सगळ्यात शेवटी.

मी शेतकरी गटांसाठी पाण्यावरचे असे व्हिडिओ करतो. हा विषय मी कसा रचेन ते सांगतो. पहिली रेघ जमिनीची, फळ्याच्या वरच्या चौथ्या भागात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर फक्त एक झाड आणि एक माणूस, म्हणजे मोजमाप कळतं. मग खाली थर : काळी माती, तिच्याखाली ठिपक्या-ठिपक्यांचा मुरूम, मग तडे गेलेला खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. काळ्या पाषाणात काहीच काढू नका, फक्त पाच-सहा तिरप्या रेघा. मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेल्या बेसाल्टवर आहे, आणि घट्ट बेसाल्टच्या अंगात पाणी मुरायला जागाच नसते. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, तड्यांत, दोन थरांच्या सांध्यात आणि ज्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र खडकात, तेही त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असली तर.

आता तडे. हे पूर्ण रुंदीभर काढा, कुठे दाट कुठे विरळ, आणि मधे एक मोठा पट्टा बिनतड्याचा ठेवा. काळ्या पाषाणातून एकच बारीक तडा वाकडातिकडा खोल उतरू द्या. हा तडा पुढे सगळी गोष्ट सांगणार आहे.

यानंतर पाऊस. इथे पहिल्यांदा निळा रंग येईल, आणि व्हिडिओ संपेपर्यंत पाण्याशिवाय दुसरं काहीही निळं असणार नाही. ना आभाळ, ना माणसाचा सदरा. पाणी मातीतून मुरमात, मुरमातून तड्यांत झिरपताना दाखवा. वरचे तडे झटपट भरतील, तो खोल तडा अगदी सावकाश. आवाज सांगेल, "हा तडा भरायला वर्षानुवर्षं लागतात."

आणि मग बोअर. आता बोअरची रेघ खाली उतरते तेव्हा बघणारा आपोआप अंदाज बांधतो, तडा लागतो की नाही. पहिला बोअर त्या बिनतड्याच्या पट्ट्यातून न्या. कोरडा. दुसरा त्याच्या शेजारीच, त्या खोल तड्याला छेदून. पाणी! "बोअरला तीन इंच पाणी लागलं," असं गावात सांगतात ते हेच. मग मोटर चालू करा आणि खोल तड्यातला निळा रंग वरून खाली उतरवत न्या, पावसाने भरला होता त्याच्या कितीतरी पट वेगाने. शेवटी त्याच तड्यावर शेजाऱ्याचा तिसरा बोअर येतो. पुढे काय होतं ते बोलायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम टाळतो. जमिनीखाली नदी वाहते हा समज खोडायला आधी ती नदी काढायची आणि मग वर लाल फुली मारायची, असं बरेच जण करतात. माझ्या मते फुली विसरली जाते आणि नदी लक्षात राहते. पाणाड्याच्या नारळाचंही तेच. त्याची थट्टा केली की अर्धे बघणारे तिथेच तुटतात.

आकड्यासाठी वेगळा फळा घ्या. दहा बाय दहाच्या शंभर चौकटी म्हणजे खडकाचा एक ठोकळा. झिजलेल्या किंवा तडे गेलेल्या बेसाल्टमधून उपसता येण्याजोगं पाणी साधारण 1 ते 3 टक्के धरतात, म्हणून शंभरातल्या दोनच चौकटी निळ्या करा. शेजारी दुसरा ठोकळा वाळूच्या गाळाचा, त्यात 16. हे दोन ठोकळे शेजारी-शेजारी दिसले की टक्केवारी समजावत बसावं लागत नाही. मग एक एकराचा हिशोब : एकर म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर. त्याखालची पाणीपातळी 1 मीटर उतरली, म्हणजे 4,000 घनमीटर खडक रिकामा झाला. त्याचे 2 टक्के म्हणजे 80 घनमीटर, 80 हजार लिटर. मोटर तासाला 15 हजार लिटर ओढते असं धरलं तर पाच तास वीस मिनिटांत संपलं. प्रत्यक्षात बाजूच्या रानाखालचंही पाणी ओढलं जातं, ते एका वाक्यात सांगा, नाहीतर हिशोबी माणूस तिथेच अडवेल.

या चौकटी काढायला 22 रेघा लागतात. एका रेघेला पाव सेकंद दिला तरी साडेपाच सेकंद झाले. तेवढा वेळ भरेल असं वाक्य आधीच लिहून ठेवा. दोन चौकटी निळ्या होताना मात्र गप्प राहा.

यावरून पुढचं कळेल : आवाज आधी रेकॉर्ड करायचा, चित्र त्यावर बसवायचं. समजावण्याच्या सुरात मराठी बोलताना मिनिटाला 110-120 शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द. संहितेत प्रत्येक वाक्यासमोर त्या वाक्यात उमटणारी गोष्ट लिहा. एका वाक्यात तीन गोष्टी काढाव्या लागत असतील तर वाक्य फोडा. हात आवाजाच्या मागे पडला की बघणारा ऐकणं सोडतो आणि हाताकडे बघत बसतो.

आता सॉफ्टवेअर. पैसे देऊन VideoScribe किंवा Doodly घेता येतं, पण चित्र मात्र फुकटच्या Inkscape मध्ये स्वतः काढा. तिथे एक खोच आहे. या व्हिडिओत रेघ हळूहळू उमटते म्हणजे आधीच पूर्ण असलेल्या रेघेचा थोडा-थोडा भाग दाखवत जातात. त्यासाठी फाइलमध्ये खरोखर एक रेघ असावी लागते. कागदावरच्या चित्राचा फोटो टाकून Trace Bitmap मारलं तर तुमच्या एका जाड रेघेची तिच्या दोन्ही कडांनी फिरणारी बंद आकृती होते. मग हात तड्याच्या एका कडेने खाली जातो आणि दुसऱ्या कडेने वर येतो. असं दिसलं की समजा, चूक फाइलमध्येच आहे. फोटो खाली फिका ठेवून Pencil ने वरून गिरवा. नव्या Inkscape मध्ये मधली रेघ शोधून देणारा Centerline पर्याय आहे, पण जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे तो गोंधळ घालतो. उमटण्याचा क्रम फाइलमधल्या क्रमावर ठरतो, सगळ्यात खालची वस्तू आधी. Objects ची यादी उघडून संहितेशी पडताळा.

अक्षरांचं दुखणं वेगळं. देवनागरी थेट ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केली तर काही ठिकाणी जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. Inkscape मध्ये लिहून आकृतीत बदलली तर अक्षरं शाबूत राहतात, पण पुन्हा कडाच मिळतात. म्हणून 'पाणी', 'मुरूम', 'तडा' हे शब्द हाताने गिरवा, आणि शाळेत शिकवतात त्या क्रमाने : आधी अक्षरं, मग काना-मात्रा, शेवटी पूर्ण शब्दावर एक शिरोरेषा. शिरोरेषा आधी आली की लगेच खटकतं, का ते बघणाऱ्याला सांगता आलं नाही तरी. शब्द थोडेच ठेवा आणि ठळक ठेवा. 1920 बाय 1080 च्या फळ्यावर अक्षर 60 पिक्सेलपेक्षा बुटकं आणि रेघ 6 पेक्षा बारीक नको. हे मोबाइलवर बघितलं जाणार, तेही व्हॉट्सॲपने दाबल्यावर.

सॉफ्टवेअरमधल्या तयार हातांत कोटाच्या बाहीतला गोरा हात बराच दिसतो. तो आपल्याकडचा बोअर पाडताना बघून बैठकीत हशा पिकतो. स्वतःच्या हाताचा फोटो काढून टाका. उजवा हात असेल तर तो चित्राची उजवी बाजू झाकतो, म्हणून डावीकडून उजवीकडे काढत जा.

ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर नको असेल तर खरा फळा आणि वरून टांगलेला मोबाइलही चालतो. चित्रण करून वेग वाढवायचा, त्याला Kdenlive फुकट आहे. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. मोबाइलचं शटर 1/50 किंवा 1/100 वर बांधलं की ते जातात. फोकस आणि उजेडही बांधून ठेवा, नाहीतर हात मधे आला की फळा गडद-फिका होत राहतो. उणीव एवढीच की क्रम चुकला तर सगळं पुन्हा काढायचं, आणि या विषयात क्रम दोन-तीनदा तरी बदलावासा वाटतो.

कच्चा व्हिडिओ तयार झाला की आवाज बंद करून बोअर घ्यायच्या विचारात असलेल्या एखाद्याला दाखवा. दुसरा बोअर खोल तड्याला लागल्यावर थांबवा आणि विचारा, "याचं पाणी किती दिवस टिकेल?" त्याने "वरून भरेल तेवढंच" अशा अर्थाचं काही सांगितलं तर रचना बरोबर आहे. "अजून खाली गेलं तर टिकेल" म्हणाला तर पावसाचा भाग घाईत उरकलाय. खोल तडा भरण्याला अजून पाच-सहा सेकंद द्या. शेवटी गावातल्याच एखाद्या जुन्या विहिरीच्या उघड्या भिंतीचा खरा फोटो दहा सेकंद ठेवा, कारण फळ्यावरचे थर सरळ असतात आणि विहिरीतले तसे नसतात.