बिलापेक्षा कमी माल आला : तूट, डेबिट नोट आणि जीएसटी

प्रश्न : ५०० खोकी बोल्टचे बिल आले, प्रत्यक्षात ४८० खोकी उतरली. माल लगेच हवा असल्याने ठेवून घेतला. माल स्वीकारल्यामुळे तुटीवरचा आमचा हक्क गेला का? (शिरोली औद्योगिक वसाहत)

हक्क गेलेला नाही. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम ३७ प्रमाणे विक्रेत्याने ठरल्यापेक्षा कमी माल दिला, तर खरेदीदार तो सगळाच नाकारू शकतो. पण त्याने तो ठेवून घेतला, तर जेवढा माल आला तेवढ्याचेच पैसे ठरलेल्या दराने द्यायचे असतात. म्हणजे ४८० खोकी ठेवून घेतल्याने ५०० खोक्यांचे देणे अंगावर येत नाही. खरा प्रश्न हक्काचा नाही, पुराव्याचा आहे, आणि तो पुरावा फाटकाशी पहिल्या तासाभरात तयार होतो किंवा मग कधीच होत नाही.

गाडी उभी असतानाच लॉरी पावतीच्या वाहतूकदाराकडे परत जाणाऱ्या प्रतीवर ‘५०० पैकी ४८० खोकी मिळाली, २० कमी’ असा शेरा लिहावा, खाली ड्रायव्हरची सही, गाडीचा नंबर आणि वेळ घ्यावी, आणि त्याच आकड्याने माल-आवक पावती, म्हणजे जीआरएन, करावी. पोच कोऱ्या सहीने देऊन दुसऱ्या दिवशी तूट कळवणाऱ्याची बाजू फार कमकुवत होते. मी स्टोअरमध्ये काम करत असताना आमच्याकडे प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळलेली पॅलेट आली होती. बाहेरून थर मोजले तर पाच थर, प्रत्येकी वीस खोकी, हिशेब अगदी बरोबर होता. फिल्म कापून वरचे दोन थर उचलल्यावर दिसले की खालच्या थरांत मधल्या जागा रिकाम्या होत्या आणि फक्त कडेची खोकी उभी होती. पोचपावतीवर मात्र तोवर आमची स्वच्छ सही गेली होती. तेव्हापासून मी सांगत आलो आहे की पॅलेट मोजू नका, काट्यावर चढवा. खोके दहा किलोचे असेल, तर शंभर खोक्यांच्या पॅलेटमध्ये दहा खोकी कमी असली की शंभर किलोचा फरक पडतो आणि तो कोणत्याही प्लॅटफॉर्म काट्यावर लपत नाही.

गाडी लगेच सोडावी लागत असेल, तर ‘मोजणी बाकी, मोजणीनंतरचा आकडा ग्राह्य’ असा शेरा तरी घालावा. माल तपासण्याची वाजवी संधी मिळण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ४१ ने खरेदीदाराला दिलेला आहे, पण ती संधी घेतली हे कागदावर दिसले पाहिजे.

प्रश्न : डेबिट नोट जीएसटी धरून करायची की जीएसटी सोडून? आमचे दोन सल्लागार दोन उत्तरे देतात.

या गोंधळाचे मूळ असे की ‘डेबिट नोट’ हा एकच शब्द दोन वेगळ्या कागदांसाठी वापरला जातो. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मधली डेबिट नोट पुरवठादार काढतो, आणि तीही बिलात रक्कम कमी लागली असेल तेव्हा. खरेदीदार तुटीबद्दल पाठवतो ती डेबिट नोट हा व्यापारी कागद आहे. तिच्यामुळे पुरवठादाराच्या खात्यातून रक्कम वजा होते, पण सरकारच्या दृष्टीने कर तिने कमी होत नाही. कर कमी होतो तो पुरवठादाराने काढलेल्या क्रेडिट नोटने. म्हणून आपली डेबिट नोट म्हणजे ‘एवढ्याची क्रेडिट नोट द्या’ अशी मागणी आहे, हे ध्यानात ठेवून ती पूर्ण रकमेची करावी.

वरच्याच उदाहरणात दर खोक्याला १,००० रुपये धरू. बिल ५,००,००० रुपये, १८ टक्के कर ९०,००० रुपये, एकूण ५,९०,००० रुपये. वीस खोक्यांची तूट २०,००० रुपये आणि त्यावरचा कर ३,६०० रुपये, म्हणून डेबिट नोट २३,६०० रुपयांची होईल आणि पुरवठादाराला ५,६६,४०० रुपये द्यायचे राहतील. नोटेवर मूळ बिलाचा नंबर व तारीख, दोघांचे जीएसटी क्रमांक, जीआरएनचा नंबर, बिलातील, आलेली आणि कमी असलेली संख्या, दर आणि कर हे सारे यावे, आणि सोबत शेरा मारलेल्या लॉरी पावतीचा फोटो जोडावा.

आता क्रेडिटकडे वळू. पुरवठादाराने पोर्टलवर बिल पूर्ण रकमेचे दाखवल्यामुळे तुमच्या GSTR-2B मध्ये ९०,००० रुपये दिसतील, पण कलम १६ प्रमाणे जो माल मिळालाच नाही त्याच्या कराचे क्रेडिट घेता येत नाही. क्रेडिट नोट त्याच महिन्यात आली नाही, तर GSTR-3B मध्ये ३,६०० रुपये तक्ता 4(B)(2) मध्ये परत केलेले म्हणून दाखवावेत, म्हणजे निव्वळ क्रेडिट ८६,४०० रुपये राहते.

चूक नेमकी यानंतर होते. दोन महिन्यांनी पुरवठादाराची क्रेडिट नोट पोर्टलवर येते आणि तेच ३,६०० रुपये पुन्हा वजा होतात. लेखापालाला वर्षअखेरीला फरक दिसतो, पण कारण सापडत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून IMS मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या बिले व नोटा स्वीकारण्या-नाकारण्याच्या सोयीत, क्रेडिट नोट स्वीकारताना प्रत्यक्ष किती क्रेडिट परत करायचे ते सांगता येते. आधीच परत केलेले असेल, तर तिथे शून्य लिहावे, आणि 4(B)(2) मध्ये दाखवलेले ३,६०० रुपये नंतर परत घेऊ नयेत. एकच मार्ग धरावा, दोन्ही नव्हे.

पुरवठादारालाही हे कळवावे की त्याची क्रेडिट नोट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्याचे वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोपर्यंतच कर कमी करू शकते. ती तारीख उलटली की ३,६०० रुपयांचा भार कोणी सोसायचा यावरून वाद सुरू होतो, आणि तो वाद वीस खोक्यांच्या वादापेक्षा जास्त चिघळतो.

प्रश्न : डेबिट नोट पाठवल्यावर पुरवठादार म्हणतो, ‘राहिलेला माल उद्याच्या गाडीत टाकतो, नोट रद्द करा.’ काय करावे?

दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चालतात, पण मध्येच एकावरून दुसऱ्यावर गेले की हिशेब बिघडतो.

माल त्याच बिलावर पूर्ण होणार असेल, तर डेबिट नोट काढूच नये. काढली असेल तर लेखी पत्राने रद्द करावी आणि उरलेली वीस खोकी मूळ बिलाचा नंबर लिहिलेल्या चलनावर घ्यावीत. मात्र कलम १६ प्रमाणे एका बिलाचा माल टप्प्याटप्प्याने येत असेल, तर क्रेडिट शेवटचा टप्पा मिळाल्यावर घ्यायचे असते. म्हणजे वीस खोक्यांसाठी पूर्ण ९०,००० रुपयांचे क्रेडिट थांबते. उरलेला माल चार दिवसांत येणार असेल तर हरकत नाही. तारीख नक्की नसेल तर हा रस्ता धरू नये.

दुसरा रस्ता म्हणजे डेबिट नोट कायम ठेवणे, पुरवठादाराकडून २३,६०० रुपयांची क्रेडिट नोट घेणे आणि वीस खोकी नव्या बिलावर मागवणे. कागद एक वाढतो, पण प्रत्येक आकडा आपल्या जागी राहतो. माझा कल याच बाजूला आहे. डेबिट नोटही ठेवली आणि माल नुसत्या चलनावर आला, तर तुमच्या वहीत पुरवठादाराचे २३,६०० रुपये कापलेले राहतात आणि गोदामात खोकी मात्र पाचशे होतात. मार्चमध्ये खातेजुळणी करताना हा फरक वर येतो, तोवर चलन कुठल्या फायलीत आहे हे कोणालाच आठवत नसते.

प्रश्न : पुरवठादार म्हणतो, ‘आम्ही पूर्ण माल भरला, तूट वाहतुकीत झाली.’ मग डेबिट नोट कोणावर?

आधी खरेदी ऑर्डर काढून बघा. माल तुमच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी पुरवठादाराची असेल, तर डेबिट नोट त्याच्यावरच जाईल आणि वाहतूकदाराशी तो बघेल. पण ‘एक्स-वर्क्स’ अटीवर तुम्ही नेमलेल्या वाहतूकदाराकडे माल दिला असेल, तर वस्तुविक्री कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे वाहतूकदाराला दिलेला माल सामान्यतः खरेदीदारालाच दिला असे धरले जाते. अशा वेळी पुरवठादारावर डेबिट नोट टाकायची तर त्याने मुळातच कमी भरला हे दाखवावे लागेल, आणि त्याच्या काट्याची पावती व लॉरी पावतीवरची खोक्यांची संख्या यांवर सारे ठरेल. तूट वाहतुकीतलीच ठरली, तर वाहतूकदारावर दावा करावा. रस्तामार्गे वाहतूक कायदा, २००७ प्रमाणे त्यासाठी माल बुक झाल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस देणे आवश्यक आहे. वाटेत गहाळ झालेल्या मालाच्या कराचे क्रेडिट मात्र मिळत नाही, म्हणून दावा कर धरून करावा.

प्रश्न : पुरवठादार सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला आहे. तुटीचा वाद मिटेपर्यंत सगळे पेमेंट थांबवता येईल का?

थांबवू नये. एमएसएमई कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली, तर मुदत ती हरकत दूर झाल्यापासून मोजली जाते. पंधरा दिवसांत काही कळवले नाही, तर माल मिळाल्याचा दिवसच धरला जातो. त्यामुळे डेबिट नोट महिनाअखेरीला एकगठ्ठा पाठवण्याची पद्धत इथे महागात पडते. ती जीआरएन झाल्यावर दोन-तीन दिवसांत पाठवावी, आणि ज्या ४८० खोक्यांबद्दल वादच नाही त्यांचे ५,६६,४०० रुपये ठरलेल्या मुदतीत, फार तर पंचेचाळीस दिवसांत, चुकते करावेत. लहान पुरवठादाराचे साडेपाच लाख तेवीस हजारांसाठी अडकवणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : टॅलीमध्ये डेबिट नोट टाकल्यावर साठा ४८० ऐवजी ४६० दिसतो. कुठे चुकले?

तुम्ही खरेदीच्या नोंदीत प्रत्यक्ष आणि बिलातील संख्येचे वेगळे रकाने वापरले असणार. तिथे प्रत्यक्ष ४८० आणि बिल ५०० लिहिल्यावर साठ्यात ४८०च जातात. मग डेबिट नोटेत पुन्हा २० संख्या टाकली की ती साठ्यातून दुसऱ्यांदा वजा होते. सोपा मार्ग असा की खरेदीची नोंद बिलाप्रमाणे पूर्ण ५०० ची करावी, म्हणजे ती 2B शी जुळते, आणि त्याच तारखेला `Alt+F5` ने २० खोक्यांची डेबिट नोट टाकावी. साठा ४८० आणि दर १,००० रुपये राहतो. वेगळे रकाने ठेवायचेच असतील, तर डेबिट नोटेत प्रत्यक्ष शून्य आणि बिलातील २० असे लिहावे. यातले काहीच न करता डेबिट नोट नुसत्या रकमेची एखाद्या खर्च खात्यावर टाकली, तर ४८० खोक्यांवर ५,००,००० रुपये चढून खोक्याचा दर सुमारे १,०४२ रुपये दिसतो आणि तुमच्या उत्पादनखर्चात विनाकारण वाढ होते.