कव्हर्ड कॉल आणि कॉलर यात नेमका फरक काय? माझ्याकडे शेअर आहेत, पडायची भीती वाटते, पण वर गेला तर किती नफा हातचा जाईल?

एक उदाहरण धरू. शेअर 100 ला आहे, तीन महिन्यांचा 106 स्ट्राइकचा कॉल, म्हणजे तुमचा शेअर 106 ला विकत घ्यायचा हक्क, 3 ला विकला जातोय आणि 95 चा पुट, म्हणजे शेअर 95 ला विकायचा हक्क, पण 3 ला मिळतोय.

नुसता कॉल विकला की तो कव्हर्ड कॉल, 3 चा प्रीमियम लगेच खिशात. पण लोक याला संरक्षण समजतात ते चुकीचं आहे. एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपताना, शेअर 75 ला आला तर तुमच्याकडे 78 उरतात, म्हणजे 22 चं नुकसान झालंच, प्रीमियमने फक्त 3 ची उशी दिली. आणि वर कितीही गेला तरी तुम्हाला 109 च, शेअर 125 झाला तर 16 सोडले.

कॉलरमध्ये कॉल विकून आलेल्या त्याच 3 मध्ये तुम्ही पुट घेता. मग शेअर 75 झाला तरी 95 हातात, आणि 125 झाला तरी 106 च. याला झीरो कॉस्ट म्हणतात, मला तो शब्द अजिबात आवडत नाही, कारण खर्च आहे, फक्त आज खिशातून जात नाही. तो मोजायचा असेल तर नुसता पुट घेणाऱ्याशी तुलना करा. 125 ला त्याच्याकडे 3 वजा जाऊन 122 राहतात, तुमच्याकडे 106, म्हणजे 16 कमी. उलट 75 ला त्याच्याकडे 92 आणि तुमच्याकडे 95. दोघं सारखे होतात 109 ला. तेव्हा स्वतःला एकच विचारा, तीन महिन्यांत हा शेअर 109 च्या वर जाईल असं मला खरंच वाटतं का? वाटत असेल तर 3 खर्च करून नुसता पुट घ्या.

आणखी एक, खाली पुट 5 लांब आणि वर कॉल 6 लांब, इतकं जवळजवळ समान अंतर दरवेळी मिळत नाही. पडायच्या भीतीने पुट बऱ्याचदा महाग असतो, मग तेवढे पैसे उभे करायला कॉल 103-104 चाच विकावा लागतो आणि वरची जागा आणखी आखडते.

माझी चूक सांगते. असाच 106 चा कॉल विकला होता, निकाल चांगले आले आणि शेअर दोन आठवड्यांत 118. कॉल 13 ला गेला, मी घाबरून परत विकत घेतला, म्हणजे त्यात 10 गेले, आणि एक्सपायरीला शेअर 104 वर. काहीच केलं नसतं तर कॉल शून्य झाला असता आणि शेअरचे 4 व प्रीमियमचे 3 असे 7 मिळाले असते, त्याऐवजी 6 चा तोटा झाला. 106 ला शेअर द्यायची मनाची तयारी नसेल तर 106 चा कॉल विकूच नका. आणि मध्येच शेअर विकलेत तर कॉल आधी बंद करा, नाहीतर तो उघडा राहतो आणि मग वरच्या बाजूच्या तोट्याला मर्यादाच नाही.